रोजगार हमीची मजुरी थकली? अर्ज करण्याआधी पैसे कुठे अडकलेत ते शोधा



गटाच्या बैठकीत हप्ता भरायची वेळ आली की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं, "रोजगार हमीचे पैसे आले नाहीत, आले की भरते." काम करून महिना होतो, दीड महिना होतो. ग्रामरोजगार सेवकाला विचारलं तर तो म्हणतो, "मी मस्टर कधीच दिलंय." पंचायत समितीत गेलं तर उत्तर मिळतं, "पैसे वरूनच आले नाहीत." बँकेत गेलं तर, "खात्यावर काही नाही." कोणीच खोटं बोलत नसेल, तरी आपले पैसे कुठे आहेत हे काही कळत नाही.

अशा वेळी बऱ्याच जणी अर्ज देतात. त्यात एवढंच लिहिलेलं असतं, "आम्ही रोजगार हमीवर काम केले, आम्हाला मजुरी मिळाली नाही, तरी मिळावी ही विनंती." या अर्जाला साहेबांचं उत्तर तयारच असतं, "निधी आला की मिळेल." अर्ज फाईलला लागतो आणि तिथेच राहतो. ज्या अर्जात मस्टरचा क्रमांक आहे, मस्टर कधी बंद झालं ती तारीख आहे आणि कोणतं काम कोणी करायचं राहिलंय ते लिहिलंय, त्याला असं उत्तर देता येत नाही. म्हणून या लेखात तो अर्ज कसा करायचा ते एका उदाहरणावरून पाहू.

पैसे खात्यापर्यंत कसे येतात

आपण काम करतो तेव्हा हजेरी मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर लागते. मस्टरचा आठवडा संपला की ते बंद होतं. मग तांत्रिक सहाय्यक किंवा अभियंता येऊन कामाचं मोजमाप घेतो आणि मोजमाप पुस्तिकेत लिहितो. त्यावरून प्रत्येकीची मजुरी ठरते आणि पंचायत समितीत संगणकावर चढते. तिथे पैसे पाठवण्याचा आदेश तयार होतो. त्याला सगळीकडे एफटीओ म्हणतात. त्यावर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या लागतात. दुसरी सही झाली की आदेश दिल्लीकडे जातो आणि तिथून पैसे थेट आपल्या आधारशी जोडलेल्या खात्यावर येतात.

म्हणजे पैसे अडकायच्या जागा चार आहेत. एक, मोजमाप झालं नाही किंवा मस्टर संगणकावर चढलं नाही. दोन, मजुरी चढली पण एफटीओ निघाला नाही किंवा त्यावर सही झाली नाही. तीन, सह्या झाल्या पण वरून पैसे सुटले नाहीत. चार, पैसे सुटले पण बँकेने परत पाठवले, किंवा ते आपल्याच दुसऱ्या एखाद्या खात्यात जाऊन पडले. पहिल्या दोन जागांचं काम आपल्या तालुक्यात होतं. तिसऱ्या जागेचं तालुक्याच्या हातात नाही. चौथ्या जागेचं थोडं बँकेत आणि थोडं पंचायत समितीत करावं लागतं. म्हणून आधी जागा ओळखायची आणि मगच अर्ज लिहायचा.

जागा कशी ओळखायची

nrega.nic.in या संकेतस्थळावर आपला जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की गावातल्या सगळ्या जॉबकार्डांची यादी येते. आपल्या जॉबकार्ड क्रमांकावर बोट लावलं की आपण कोणत्या कामावर, कोणत्या मस्टरवर, किती दिवस होतो ते दिसतं. मस्टर क्रमांक उघडला की पुढची माहिती मिळते. संकेतस्थळ इंग्रजीत आहे, पण तारखा आणि आकडे शोधायचे असल्याने गटातली शिकलेली एखादी मुलगी मोबाईलवर ते सहज पाहू शकते. जमलं नाही तर सेवा केंद्रात किंवा ग्रामरोजगार सेवकाकडून बघून घ्या. मात्र "बघितलं, येतील पैसे" एवढ्यावर परत येऊ नका. मस्टर क्रमांक, एफटीओ क्रमांक आणि तारीख वहीत लिहून घ्या.

तुमचे कामाचे दिवस आणि रक्कम दिसतच नसेल, तर अडचण पहिल्या जागेवर आहे. दिवस आणि रक्कम दिसते पण एफटीओ क्रमांक नाही, तर दुसऱ्या जागेवर. एफटीओ क्रमांक आणि सहीची तारीख दिसते पण पैसे जमा झाल्याची नोंद नाही, तर तिसऱ्या. आणि पैसे नाकारले गेल्याची नोंद आहे, किंवा जमा झाले असं दिसतं पण पासबुकात नाहीत, तर चौथ्या.

त्याआधी पासबुकावर एन्ट्री मारून घ्यायला विसरू नका. मोबाईलवर मेसेज आला नाही म्हणून पैसे आले नाहीत असं धरून चालू नका.

एक उदाहरण

समजा, तुम्ही बारा जणी ग्रामपंचायतीमार्फत निघालेल्या पाणंद रस्त्याच्या कामावर होता. पहिलं मस्टर २ ते ८ जानेवारी २०२५ चं, क्रमांक ४१२७. दुसरं ९ ते १५ जानेवारीचं, क्रमांक ४१२८. दोन्ही आठवडे प्रत्येकीचे सहा-सहा दिवस भरले. २०२४-२५ या वर्षात महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. मोजमाप पूर्ण भरलं तर एका आठवड्याचे प्रत्येकी १,७८२ रुपये होतात. फेब्रुवारी संपत आला तरी एक पैसाही आलेला नाही.

२८ फेब्रुवारीला तुम्ही संकेतस्थळ बघता. मस्टर ४१२७ मध्ये प्रत्येकीचे सहा दिवस आणि १,७८२ रुपये दिसतात, पण एफटीओ नाही. म्हणजे हे दुसऱ्या जागेवर, पंचायत समितीत अडकलंय. मस्टर ४१२८ चे दिवसच दिसत नाहीत, म्हणजे त्याचं मोजमाप राहिलंय किंवा ते चढवलेलं नाही. आणखी एक गोष्ट लक्षात येते. तुमच्यातल्या एका ताईंचे डिसेंबरच्या मस्टरचेही पैसे आलेले नाहीत. बाकी अकरा जणींना ते मिळाले. या ताईंच्या नावापुढे पैसे नाकारल्याची नोंद आहे.

एकाच टोळीत तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत. तिन्ही एकाच अर्जात "मजुरी मिळाली नाही" म्हणून लिहिल्या असत्या, तर तिन्हींना एकच उत्तर मिळालं असतं.

उशीर किती आणि भरपाई किती

महात्मा गांधी रोजगार हमी कायद्याच्या कलम ३(३) प्रमाणे मजुरी दर आठवड्याला आणि जास्तीत जास्त १५ दिवसांत मिळाली पाहिजे. मस्टर बंद झाल्यापासून सोळाव्या दिवसापासून उशिराची भरपाई लागू होते. भरपाईचा दर थकलेल्या मजुरीच्या ०.०५ टक्के दिवसाला, म्हणजे हजार रुपयांमागे दिवसाला ५० पैसे.

आपल्या उदाहरणात मस्टर ४१२७ बंद झालं ८ जानेवारीला. पंधरा दिवस संपले २३ जानेवारीला. २४ जानेवारीपासून २८ फेब्रुवारीपर्यंत मोजले तर जानेवारीचे ८ आणि फेब्रुवारीचे २८, असे ३६ दिवस उशीर झाला. १,७८२ रुपयांवर दिवसाला साधारण ८९ पैसे, म्हणजे ३६ दिवसांचे एकीचे ३२ रुपये. बारा जणींचे मिळून सुमारे ३८५ रुपये.

तुम्ही म्हणाल, बत्तीस रुपयांसाठी एवढी उठाठेव कशाला? रक्कम लहान आहे हे खरं. पण भरपाई आधी राज्य सरकारने द्यायची आणि मग ज्याच्यामुळे उशीर झाला त्याच्याकडून वसूल करायची असा नियम आहे. त्यामुळे भरपाई मागितली की उशीर कोणाच्या टेबलावर झाला हे कोणाला तरी लिहावं लागतं. ते लिहायची वेळ येऊ नये म्हणून पुष्कळदा राहिलेली सही लवकर होते. भरपाईची मागणी अर्जात घालायचीच, ती याच्यासाठी.

यात एक मर्यादा आहे, ती माहीत असू द्या. संगणक भरपाईचे दिवस मोजतो ते एफटीओवर दुसरी सही होईपर्यंतच. सही झाल्यावर वरून पैसे यायला लागलेले दिवस त्यात धरले जात नाहीत.

अर्ज कोणाला द्यायचा

काम ग्रामपंचायतीचं असेल तर अर्ज पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांच्या नावाने करायचा. काम कृषी, वन, सामाजिक वनीकरण अशा एखाद्या खात्याचं असेल तर तहसीलदारांच्या नावाने. कोणाचं काम आहे ते कामाच्या फलकावर लिहिलेलं असतं, नाहीतर ग्रामरोजगार सेवकाला विचारा.

अर्ज गटविकास अधिकाऱ्यांना दिला तरी त्याची एक प्रत तहसीलदारांना द्या. महाराष्ट्रात या योजनेचे कार्यक्रम अधिकारी तहसीलदार असतात आणि गटविकास अधिकारी सह कार्यक्रम अधिकारी. कायद्याच्या कलम २३(६) प्रमाणे कार्यक्रम अधिकाऱ्याने आलेली प्रत्येक तक्रार नोंदवहीत लिहायची आणि सात दिवसांत निकाली काढायची आहे. तक्रार दुसऱ्या कोणाच्या अखत्यारीतली असेल तर त्यांच्याकडे पाठवून तसं अर्जदाराला कळवायचं आहे. तहसीलमध्ये प्रत दिली की हे सात दिवस तिथेही मोजायला लागतात.

अर्जाचा नमुना

आपल्या उदाहरणातल्या बारा जणींचा अर्ज असा होईल:

दिनांक: २८ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. गटविकास अधिकारी तथा सह कार्यक्रम अधिकारी,
पंचायत समिती, ………

प्रत: मा. तहसीलदार तथा कार्यक्रम अधिकारी, ………

विषय: मस्टर क्र. ४१२७ व ४१२८ ची थकलेली मजुरी व विलंब भरपाई मिळण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सही करणाऱ्या १२ मजूर महिला मौजे ……… येथील पाणंद रस्त्याच्या कामावर होतो. ग्रामपंचायत ………, कामाचा संकेतांक ………

१. मस्टर क्र. ४१२७ (दि. २ ते ८ जानेवारी २०२५): प्रत्येकी ६ दिवस, मजुरी प्रत्येकी १,७८२ रुपये. संकेतस्थळावर रक्कम दिसते, परंतु आज २८ फेब्रुवारीपर्यंत एफटीओ तयार झालेला दिसत नाही. एफटीओ तातडीने सह्या होऊन पाठवावा.

२. मस्टर क्र. ४१२८ (दि. ९ ते १५ जानेवारी २०२५): प्रत्येकी ६ दिवस हजेरी. कामाचे दिवस व रक्कम संकेतस्थळावर दिसत नाही. या कामाचे मोजमाप झाले आहे का, कोणत्या तारखेस झाले, हे कळवावे. झाले नसल्यास तातडीने करून मजुरी काढावी.

३. दोन्ही मस्टर बंद झाल्यापासून सोळाव्या दिवसापासून एफटीओवर सही होण्याच्या दिवसापर्यंत दररोज ०.०५ टक्के दराने विलंब भरपाई मंजूर करावी.

४. कलम २३(६) प्रमाणे ही तक्रार नोंदवून सात दिवसांत केलेली कार्यवाही आम्हांस लेखी कळवावी.

सोबत: जॉबकार्डांच्या झेरॉक्स, मजुरांची यादी.

(नाव, जॉबकार्ड क्रमांक, सही अथवा अंगठा)

या अर्जात दुसऱ्या मस्टरची रक्कम लिहिलेली नाही, हे पाहा. मोजमाप झाल्याशिवाय ती ठरत नाही. आपण आपल्या मनाने १,७८२ लिहिले आणि मोजमापात कमी निघाले, तर "अर्जात चूक आहे" म्हणून तो बाजूला पडू शकतो. हजेरीचे दिवस मात्र आपल्याला पक्के माहीत असतात, म्हणून तेच लिहायचे. मजुरी उशिरा मिळणं आणि मजुरी कमी पडणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मोजमाप कमी धरलं असं वाटलं, तर त्याचा वेगळा अर्ज करा.

जॉबकार्डाची झेरॉक्सच जोडा. मूळ जॉबकार्ड मजुराकडेच राहायचं असतं, ते कोणाकडे ठेवून येऊ नका. अंगठा लावणाऱ्या ताईंचा अर्ज तितकाच चालतो, फक्त अंगठ्याशेजारी नाव लिहा.

पोच घेतल्याशिवाय परतू नका

अर्जाच्या दोन प्रती जास्त काढा. आवक-जावक टेबलावर अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही घ्या. हीच पोच. सात दिवस या तारखेपासून मोजायचे. पोच नसेल तर पुढच्या वेळी "अर्जच आला नाही" असं ऐकायला मिळतं. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर भांडत बसू नका, तोच अर्ज पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. पोस्टाची पावती अर्जाला टाचून ठेवा.

पैसे बँकेतून परत गेले असतील तर

आता त्या एका ताईंकडे वळू, ज्यांचे डिसेंबरचे पैसे नाकारले गेले. त्यांनी बाकीच्यांच्या अर्जात सही करावीच, पण डिसेंबरच्या मस्टरसाठी वेगळा अर्ज द्यावा. त्यांची अडचण आधी बँकेत सोडवावी लागते.

१ जानेवारी २०२४ पासून या योजनेची मजुरी आधारच्या आधारेच जाते. म्हणजे आपण कोणता खाते क्रमांक दिला यापेक्षा आपलं आधार कोणत्या खात्याशी जोडलेलं आहे ते महत्त्वाचं ठरतं. आधार एकाच वेळी एकाच खात्याशी पैसे यायसाठी जोडलेलं असतं, आणि सगळ्यात शेवटी जोडलेलं खातं धरलं जातं. नवीन सिमकार्ड घेताना किंवा कुठल्या योजनेसाठी अंगठा देताना नकळत दुसरं खातं उघडलं गेलं असेल, तर मजुरी तिकडे जाऊ शकते. खातं बरीच वर्षं न वापरल्यामुळे बंद पडलं असेल, किंवा आधारवरचं आणि जॉबकार्डवरचं नाव जुळत नसेल, एकीकडे माहेरचं आणि एकीकडे सासरचं, तरीही अडचण येते.

आधारच्या संकेतस्थळावर आपलं आधार कोणत्या बँकेशी जोडलंय ते मोबाईलवर येणारा ओटीपी टाकून दिसतं. बँक सखी हे बघून देऊ शकतात. बँक दुसरीच निघाली तर आधी त्या बँकेत जाऊन पैसे आले आहेत का ते पाहा. खातं बंद असेल तर आपल्या नेहमीच्या बँकेत आधार जोडणीचा फॉर्म भरा आणि त्याचीही पोच घ्या. खातं दुरुस्त झालं म्हणजे परत गेलेले पैसे आपोआप येतात असं नाही. पंचायत समितीला ते पुन्हा पाठवावे लागतात. म्हणून त्या ताईंच्या अर्जात ही मागणी असावी: "मस्टर क्र. ……… ची माझी नाकारली गेलेली मजुरी, खाते दुरुस्त झाले असल्याने, पुन्हा पाठवावी." सोबत नाकारल्याची नोंद दिसणाऱ्या पानाची प्रिंट, पासबुकाची झेरॉक्स आणि बँकेची पोच जोडा.

"पैसे वरून आले नाहीत" हे खरं असेल तेव्हा

कधीकधी एफटीओवर दोन्ही सह्या वेळेत झालेल्या असतात आणि अडवणूक खरोखर वरच्या निधीची असते. तेव्हा गटविकास अधिकारी पैसे सोडू शकत नाहीत. तरी अर्ज द्या. त्यात एवढंच मागा की एफटीओ क्रमांक आणि दोन्ही सह्यांच्या तारखा लेखी द्याव्यात, आणि मजुरी थकल्याचं वर कळवावं. उशीर तालुक्यात झाला नाही हे त्या कागदावरून सिद्ध होतं आणि पुढची तक्रार त्याच्या आधारे जिल्ह्याकडे करता येते. १८ मे २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की पंधरा दिवसांत मजुरी मिळण्याचा मजुराला हक्क आहे, आणि कारभारातल्या ढिलाईचा प्रश्न राज्य सरकार आणि केंद्राच्या मंत्रालयाने आपापसात सोडवायचा आहे. त्याचा भार मजुरावर टाकायचा नाही.

सात दिवसांनंतर

आपल्या उदाहरणात सात दिवस ७ मार्चला संपतात. त्या दिवशी पुन्हा संकेतस्थळ बघा. मस्टर ४१२७ ला एफटीओ क्रमांक आला असेल तर त्या मस्टरचं तालुक्यातलं काम झालं. भरपाई मंजूर झाली का तेवढं विचारायचं राहिलं. काहीच हललं नसेल आणि उत्तरही आलं नसेल, तर पहिला अर्ज आणि पोच जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, कारण जिल्ह्यात या योजनेचे समन्वयक तेच असतात. एक प्रत जिल्ह्याच्या तक्रार निवारण प्राधिकाऱ्यांना, म्हणजे लोकपालांना द्या. नवीन काही लिहायची गरज नाही. "दि. २८ फेब्रुवारीला दिलेल्या सोबतच्या तक्रारीवर सात दिवसांत कार्यवाही झाली नाही" एवढं वाक्य पुरतं.

हे सगळं हातात असायचं तर कामावर असतानाच एक सवय लागते. मस्टर सुरू झालं की त्याचा क्रमांक आणि आपले दिवस गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहा. मस्टर बंद झाल्याची तारीख लिहा आणि तिच्यापुढे पंधरा दिवसांनंतरची तारीख लिहून ठेवा. त्या तारखेनंतरच्या पहिल्या बैठकीत सचिवांनी ते पान उघडायचं. कोणाचे आले, कोणाचे नाही, आणि ज्यांचे नाही त्यांचे चारपैकी कोणत्या जागेवर अडकलेत, एवढं विचारून त्याच बैठकीत अर्ज लिहायला बसता येतं.